सोमवार, बंदचा दिवस: मशीनपर्यंतचे पन्नास किलोमीटर

भोर तालुक्यातल्या एका वाडीतून पुण्यातल्या डायलिसिस विभागापर्यंत पन्नासेक किलोमीटरचं अंतर आहे. एरवी वाडीतून एसटीने कापूरहोळ, तिथून वडाप जीप किंवा दुसरी एसटी धरून कात्रजमार्गे शहर आणि शेवटी रिक्षा, असा अडीच तासांचा रस्ता. अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी हा रस्ता आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, बायकोला बरोबर घेऊन करत. एका सोमवारी एसटी आणि रिक्षा दोन्ही बंद होत्या. त्या दिवशी काय झालं ते मी त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून, वाडीतल्या एका तरुणाकडून आणि त्या विभागातल्या सिस्टरकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आणि वेळेच्या क्रमाने लावलं. त्यांच्या सांगण्यावरून नावं देत नाही.

घड्याळाबरोबर आणखी एक आकडा मोजत जातो. शेवटचं डायलिसिस संपल्यापासून किती तास झाले, हा तो आकडा. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं आणि ते बाहेर काढणारं मशीनशिवाय जवळजवळ काहीच नसतं. आठवड्यातल्या दोन खाड्यांत ही वाट दोन दिवसांची असते, शुक्रवार ते सोमवार मात्र तीन दिवसांची. जगभरच्या डायलिसिस रुग्णांमध्ये हृदय बंद पडण्याच्या घटना या लांब खाड्याच्या शेवटी जास्त घडतात, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे बंद सोमवारी आला की तो या माणसांच्या सगळ्यात नाजूक दिवसावर येतो.

रविवार, रात्री ९. (मशीन सुटून साडेचोपन्न तास)

काकांचं मशीन शुक्रवारी दुपारी अडीचला सुटलं होतं. एसटी कर्मचाऱ्यांनी सोमवारी गाड्या बाहेर काढणार नाही असं आधीच सांगितलं होतं, पण रविवारी दिवसभर बोलणी चालू होती आणि मार्ग निघेल असं सगळ्यांना वाटत होतं. रिक्षा आणि जीप संघटना बंदात उतरल्याची बातमी टीव्हीवर रात्री नऊच्या सुमारास आली. वाडीतून पुण्याकडे जोडणारी शेवटची एसटी संध्याकाळी पाचलाच निघून गेली होती. ती असती तर कात्रजला पुतणीकडे मुक्कामाला जाता आलं असतं. बातमी कळली तेव्हा ती वाट बंद झालेली होती.

कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२१-२२ मध्ये एसटीची माणसं जवळजवळ सहा महिने संपावर होती, ती हौसेने नव्हे. मला इथे बंदाच्या रीतीबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. बंदातून दूध, औषधं, रुग्णवाहिका वगळतात. ही सवलत गाड्यांना असते. रुग्णालयात पोहोचण्यासाठी साध्या एसटीवर अवलंबून असलेला रुग्ण कुठल्याच यादीत बसत नाही, कारण त्याच्याकडे वगळण्यासारखी गाडीच नसते.

सोमवार, पहाटे २. (साडेएकोणसाठ तास)

खालच्या आळीतून भाजीचा टेम्पो मार्केट यार्डाकडे निघाला. भाजीच्या गाड्या पहाटेच्या बाजाराला पोहोचायला याच वेळी सुटतात. चालकाच्या शेजारी एक जागा रिकामी होती, हे नंतर कळलं. दोघांना ती पुरली नसती आणि काकांना एकट्याने जाणं जमत नव्हतं. तरी ही गाडी लक्षात ठेवायची, कारण त्या दिवशी वाडीतून थेट शहरात गेलेली ती एकमेव गाडी होती.

पहाटे ५. (साडेबासष्ट तास)

दूध गोळा करणारी गाडी आली. ती शहरात जात नाही, शीतकरण केंद्रापर्यंत जाते, पण वाटेत कापूरहोळच्या फाट्यावरून जाते. काकू डेअरीवर कॅन घेऊन गेल्या तेव्हा चालक म्हणाला, "मावशे, यायचं असंल तर आत्ता बसा, परत माझी गाडी न्हाय." काका तेव्हा नुकतेच झोपले होते. रात्रभर उशा रचून, टेकून बसून काढली होती. आडवं झालं की धाप लागते, हे छातीत पाणी साठू लागल्याचं लक्षण. साडेसहाची एसटी येईल अशी आशा होती, कारण भोर आगाराच्या काही गाड्या सुटणार असल्याचा निरोप रात्री कुणीतरी दिला होता. काकूंनी त्यांना उठवलं नाही. त्या जागी मी असतो तर मीही उठवलं नसतं.

बंदच्या दिवशी कुणाला बाहेर पडायचं असेल त्याने मात्र या पहाटेकडे नीट पाहायला हवं. आपण पर्यायी गाडी शोधायला लागतो ती रोजची गाडी आली नाही हे कळल्यावर, म्हणजे सात-साडेसातला. शहराकडे जाणाऱ्या ज्या गाड्या बंदातही धावतात, त्या तोवर निघून गेलेल्या असतात. भाजी दोनला जाते. दूध पाचला. कोल्हापूर, बेळगाव, बंगळूरकडून रात्रभर आलेल्या खासगी बस सहा-सातपर्यंत पुण्यात शिरतात. शिरवळच्या कारखान्यांत रात्रपाळी केलेल्या कामगारांना घेऊन पुण्याकडे परतणाऱ्या कंपनीच्या बस सातनंतर कापूरहोळ ओलांडतात, आणि त्यानंतर हा प्रवाह उलटतो. कंपन्यांच्या बस पुण्याकडून शिरवळकडे येऊ लागतात. साडेसातनंतर महामार्गावर गर्दी दिसते, पण शहराच्या दिशेने जाणारी आणि थांबणारी गाडी जवळपास नसते.

सकाळी ६:३०. (चौसष्ट तास)

एसटी आली नाही. वाडीच्या थांब्यावर दहा-बारा जण उभे होते. काकांचं वजन घरच्या काट्यावर ५७ किलो ६०० ग्रॅम भरलं. त्यांचं ठरवून दिलेलं कोरडं वजन ५४ होतं. साडेतीन किलोंहून जास्त पाणी अंगात होतं. हे त्यांच्यासाठी नेहमीपेक्षा थोडं जास्त, पण घाबरण्यासारखं नव्हतं. साडेदहाला मशीन लागलं असतं तर अडीचच्या सुमारास ते निघून गेलं असतं.

सकाळी ७:४०. (पासष्ट तास होऊन गेले)

वाडीतल्या वडाप जीपवाल्याकडे काकू स्वतः गेल्या. त्याने नकार दिला आणि मला तो समजतो. आदल्या बंदात त्याची समोरची काच फुटली होती. दुरुस्तीचा खर्च कुणी देत नाही. "फाट्यापर्यंत बी नेलं तरी माझा नंबर काढत्यात," तो म्हणाला. रुग्ण आहे असं पाटीवर लिहून लावू, असं काकूंनी सुचवलं. तो म्हणाला की बंदवाले पाटी वाचायला थांबत नाहीत.

मग शेजारचा तरुण मोटारसायकल घेऊन आला. बंदात दुचाकीला सहसा कुणी अडवत नाही. त्याची नऊची पाळी शिरवळला होती, म्हणजे कापूरहोळपासून उलट दिशेला. काका मधे, काकू मागे, असे तिघे बसून त्याने दोघांना फाट्यावर सोडलं. काकांच्या डाव्या हातात फिस्टुला होता. डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून तयार केलेली ही जागा दाबून चालत नाही, म्हणून काका उजव्याच हाताने धरून बसले होते. "तिथपर्यंत नेलं, पुढं नेलं न्हाई," हे तो तरुण मला दोनदा म्हणाला. त्याने खाडा केला असता तर त्याचा दिवस बुडाला असता, आणि कंत्राटी कामगाराचा एक खाडा कधीकधी नोकरीच घेऊन जातो. त्याने काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही.

सकाळी ८:२०

कापूरहोळच्या उड्डाणपुलाखाली शंभरावर माणसं होती. थांबणाऱ्या प्रत्येक गाडीवर तरुण पोरं झेपावत होती. एवढी गर्दी पाहून मोटारी वेग वाढवतात, हेही खरं. एकटा माणूस गर्दीपासून पाचशे मीटर पुढे चालत जाऊन हात दाखवतो तेव्हा गाडी थांबण्याची शक्यता जास्त असते. काकांना पाचशे मीटर चालणं जमणारं नव्हतं.

सकाळी ९:२०. (जवळजवळ सदुसष्ट तास)

एक छोटा हत्ती थांबला. मागे रिकामे क्रेट होते. माणशी शंभर रुपये, खेड शिवापूरपर्यंत. चौदा जण चढले. काका क्रेटवर बसले, बाकीचे उभे.

नोव्हेंबर २०२१च्या एसटी संपात राज्य सरकारने खासगी बस, शाळांच्या बस आणि मालवाहू गाड्यांनाही तात्पुरती प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. तसा आदेश निघालेला असेल तर असा टेम्पो उघडपणे भरतो, ठरलेल्या जागी थांबतो आणि शहरात आतपर्यंत जातो. एक दिवसाच्या बंदात असा आदेश निघायला वेळच नसतो. तेव्हा तोच टेम्पो चोरून भरतो. मालवाहू गाडीत भाडं देऊन बसलेल्या माणसाचा विमा सहसा नसतो आणि चालकाला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो पोलीस किंवा आरटीओ दिसण्याच्या जागेच्या अलीकडेच माणसं उतरवतो. या चालकाने टोलनाक्याच्या जवळजवळ दीड किलोमीटर अलीकडे सगळ्यांना उतरवलं. बंदात निम्म्या वाटेवरच्या गाडीला हो म्हणताना "कुठपर्यंत" एवढंच विचारून भागत नाही. "कुठे उतरवणार आणि तिथून पुढे काय मिळतं" हे विचारावं लागतं.

सकाळी १०:३०. (अडुसष्ट तास)

काकूंनी रस्त्याच्या कडेने चालतच विभागात फोन लावला. मशीनची वेळ हीच होती. सिस्टर म्हणाल्या, "काकू, साडेअकरापर्यंत मी धरून ठेवते. त्याच्या पुढे मला धरता येणार नाही."

त्या असं का म्हणाल्या हे समजून घ्यायला हवं, कारण बाहेरून ते निष्ठुर वाटतं. एका मशीनवर दिवसात तीन पाळ्या होतात. एक डायलिसिस चार तासांचं, त्यानंतर मशीन निर्जंतुक करून नवी नळी लावून पुढच्या रुग्णासाठी तयार करायला अर्धा-पाऊण तास. दुसरी पाळी उशिरा सुरू झाली तर तिसरी रात्रीवर जाते, आणि तिसऱ्या पाळीतली माणसंही बंदातूनच आलेली असतात. त्यांनाही परत जायचं असतं. त्या दिवशी दोन तंत्रज्ञही पोहोचू शकले नव्हते. चालू मशीनच कमी होती.

काकांचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत होते. योजनेची मंजुरी त्या रुग्णालयाशी जोडलेली असते. वाटेत दुसरं डायलिसिस केंद्र असतं तरी तिथे जाऊन लगेच फुकट मशीन मिळालं नसतं.

सकाळी ११:१०

टोलनाका पायी ओलांडला. ऊन चढलं होतं. काकांच्या पायात गोळे येत होते आणि पाय उचलताना जड लागत होते. काकूंना वाटलं, चालून दमले. पाय असे जड पडणं हे पोटॅशियम वाढल्याचंही लक्षण असतं. स्नायू कामाला लागले की ते स्वतःजवळचं पोटॅशियम रक्तात सोडतात. निरोगी माणसाचं शरीर ते सांभाळून घेतं. ज्याचा साठा तीन दिवस बाहेरच गेलेला नाही, त्याला चालणंच अपायाचं होतं.

एका दुकानदाराने त्यांना सावलीत बसवलं आणि शहाळं फोडून दिलं. उन्हात वाकलेल्या माणसाला आपण हेच देतो. काकांना शहाळं बंद आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी मागितलं नव्हतं. तहान आणि भोवळ यांत त्यांनी ते पिऊन टाकलं, काकू तेव्हा रस्त्यावर हात दाखवत उभ्या होत्या. एका शहाळ्यात सहज सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. अशा रुग्णाला दिवसभरात साधारण दोन हजारांच्या आत राहायला सांगतात. एकट्या शहाळ्याने जीव जात नाही. इथे ते आधीच्या सगळ्याच्या वर आलं.

दुपारी १२:१०. (सत्तर तास होत आले)

मोटारीतल्या एका कुटुंबाने दोघांना घेतलं. ती मोटार नव्या बोगद्यातून वडगावच्या बाजूला जाणारी होती, नवले पुलापर्यंत. काकूंनी विभागात पुन्हा फोन केला. मशीन दुसऱ्या रुग्णाला लावलं होतं, जो सकाळपासून येऊन बसला होता. तिसऱ्या पाळीत साडेतीनला घेऊ, सिस्टर म्हणाल्या, आणि विचारलं, "काकांना धाप आहे का? आडवं होता येतंय का?" काकूंनी सांगितलं, बसलेत, बोलतायत. ते खरंच होतं. खूप वाढलेलं पोटॅशियम असलेला माणूस शेवटपर्यंत बोलत असू शकतो.

दुपारी १२:५०

नवले पूल. इथून रुग्णालय नऊ-दहा किलोमीटर. रिक्षा नाहीत, शहर बस नाहीत, अॅपवर टॅक्सी दिसते आणि स्वीकारली की रद्द होते. काका फुटपाथवर बसले ते त्यांना उठता येईना.

सकाळपासून सगळे गाडी शोधत होते. रुग्णवाहिका कुणाच्या मनात आली नव्हती, कारण डायलिसिसला जाणं हा त्यांच्या घरात आजार राहिलाच नव्हता. तो आठवड्यातल्या तीन दिवसांचा प्रवास होता. १०८ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे. ती नेहमीच्या डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठी नाही, हेही काकूंना कुणीतरी पूर्वी सांगितलेलं होतं आणि ते बरोबरच होतं. पण डायलिसिस चुकलं आहे, धाप लागते आहे, पायात ताकद नाही, ही तीन वाक्यं एकत्र आली की ती तातडीची अवस्था असते आणि तेव्हा १०८ला फोन करायचा असतो. सकाळी साडेसहाला, रात्र बसून काढल्यावर, वाडीतूनही तो करता आला असता. बंदात ज्या गाडीला कुणी अडवत नाही ती हीच.

दुपारी १:१५

पुलाखालच्या एका वाहतूक पोलिसाने १०८ला फोन लावला.

दुपारी १:४५. (एकाहत्तर तास होऊन गेले)

रुग्णवाहिका आली. आतल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली. ती मंद होती. ऑक्सिजन लावला आणि रुग्णालयाला आधी कळवलं.

दुपारी २:२०. (बहात्तर तास होत आले)

तातडीच्या विभागात ईसीजी काढला. लाटा उंच, टोकदार आणि पुढे रुंद होत गेलेल्या. रक्ताचा अहवाल काही मिनिटांत आला: पोटॅशियम ७.९. पाचच्या आत हवं. शिरेतून कॅल्शियम दिलं. कॅल्शियम हृदयाला थोडा वेळ सावरून धरतं, अर्धा तास ते तासभर. इन्सुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियमला काही तासांसाठी पेशींच्या आत ढकलतात. यातलं काहीच त्याला शरीराबाहेर काढत नाही. ते मशीनचंच काम.

दुपारी २:४०

सगळी मशीन चालू होती. दुसऱ्या पाळीतल्या एका बाईंनी आपला उरलेला तास सोडला. सिस्टरनी विचारल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांचं रक्त परत द्यायचं, सुया काढायच्या, मशीन स्वच्छ करून नवी नळी भरायची. सिस्टर सांगतात, हे काम त्यांनी इतक्या घाईत कधी केलं नव्हतं. तरी पंचवीस मिनिटं लागली.

दुपारी ३:०५

फिस्टुलात सुया लागल्या. पंप फिरायला लागला.

दुपारी ३:१२

हृदय थांबलं. छातीवर दाब देण्याचे प्रयत्न चाळीस मिनिटं चालले. ते यशस्वी झाले नाहीत.

काकूंना त्या रात्री वाडीत परत न्यायलाही गाडी नव्हती. बंद संध्याकाळी सहाला मागे घेतला गेला, पण एसटी दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

त्यानंतर त्या डायलिसिस विभागाने काही गोष्टी बदलल्या. शहराबाहेरून येणाऱ्या रुग्णांची वेगळी यादी भिंतीवर लावलेली आहे. प्रत्येकाच्या नावापुढे तो कुठल्या रस्त्याने येतो आणि त्याच्या गावातून पहाटे कुठली दुधाची, भाजीची किंवा कंपनीची गाडी किती वाजता सुटते, हे लिहिलेलं आहे. ती माहिती रुग्णांनीच दिली. बंदची नुसती चर्चा जरी कानावर आली, तरी आदल्या दिवशी दुपारी फोन जातात. बोलणी चालू आहेत की फिसकटली याची वाट पाहत नाहीत. ज्यांना शक्य आहे त्यांना आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने बोलावून रात्रीची जादा पाळी चालवतात, दोन-अडीच तासांचीच, पण तेवढ्याने माणूस पुढचा दिवस निभावतो. बाकीच्यांना सांगतात, पहाटेची गाडी धरा, सात वाजता येऊन बाकावर बसलात तरी चालेल. आणि फोन ठेवण्याआधी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतात: रात्री आडवं होऊन झोपता आलं का, आणि पाय नेहमीसारखे उचलतायत का. एकाचंही उत्तर नाही असं आलं, तर गाडी शोधायला सांगतच नाहीत. १०८ला फोन करायला सांगतात, आणि फोनवर सांगायचं वाक्यही सांगतात: डायलिसिस चुकलंय, श्वास लागतोय.